१६८ म्हणजे नेमके किती?

रिपोर्टवर एकच ओळ होती: स्टूल, फिट, क्वांटिटेटिव्ह – १६८ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. शेजारी कंसात १०० पर्यंत निगेटिव्ह, आणि त्याखाली ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह. मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आकडा दिसला की मोजमाप कशाने केलं आणि एकक कुठलं, हे आधी बघायची सवय लागलेली. इथे ती सवय कामाला आली.

फिट म्हणजे शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्त शोधणारी तपासणी. मला ती करायला लावली माझ्या ताईने. ताई इंग्लंडमध्ये, लेस्टरला असते. तिकडे ठरावीक वयानंतर दर दोन वर्षांनी सरकारकडून पोस्टाने एक छोटी नळी घरी येते, नमुना घ्यायचा आणि पोस्टानेच परत पाठवायचा. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठीची ही चाळणी तपासणी. आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे, आतड्याचा नाही. त्यामुळे ज्याला करायचीय त्याने स्वतः लॅबमध्ये जाऊन मागायची. मला काहीही त्रास नव्हता. पंचावन्न वय, बीपीची एक गोळी, पूर्वी कधीतरी मूळव्याधीचा त्रास झालेला, बस.

पहिल्या लॅबमध्ये ‘स्टूल ऑकल्ट ब्लड’ म्हणून पावती फाडायला घेतली. मी विचारलं, “ही फिट आहे का?” काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, ते तेच असतं.” ते तेच नसतं. जुन्या पद्धतीत नमुन्यावर रसायन टाकून रंग बदलतो का ते बघतात. ते रसायन रक्तातल्या ‘हीम’मुळे रंग बदलतं, मग ते हीम माणसाचं असो की आदल्या रात्रीच्या मटणाचं. मुळा, फ्लॉवर अशा काही भाज्यांनीही फसतं, आणि ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू असतील तर उलट रक्त असूनही रंग येत नाही. म्हणून त्या तपासणीला आधी पथ्य पाळावं लागतं. फिटमध्ये अँटिबॉडी वापरतात, आणि ती माणसाच्याच हिमोग्लोबिनमधल्या ‘ग्लोबिन’ला चिकटते. बोकडाच्या नाही. पथ्य नाही, गोळ्या बंद करायच्या नाहीत.

ग्लोबिन हे प्रोटीन असल्यामुळे आणखी एक गोष्ट होते. जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला रक्त आलं तर खाली येईपर्यंत ते पचून जातं, अँटिबॉडीला ओळखू येत नाही. म्हणजे अल्सरचं रक्त फिटला सहसा दिसत नाही. पॉझिटिव्ह आलं तर बोट मोठ्या आतड्याकडेच जातं. मला हे फार आवडलं. कॅन्सर आहे की नाही हे ती सांगत नाही, पण कुठे बघायचं ते सांगते.

दुसऱ्या लॅबमध्ये, कॉलेज रोडच्या बाजूला, आकडा देणारी फिट मिळाली. काही ठिकाणी कार्डावर दोन रेघा उमटणारी मिळते. तिच्यात फक्त हो किंवा नाही कळतं, आणि पुसट रेघ आली की बघणाऱ्याच्या नजरेवर सगळं अवलंबून. मशीनवर आकडा मिळत असेल तर तीच करावी, हे माझं मत.

नळी बोटाएवढी. झाकणाला आतून एक काडी, तिच्या टोकाला बारीक खाचा. नळीत दोन मिलिलिटर द्रव. काडी शौचात तीन-चार वेगवेगळ्या जागी खुपसायची, कारण रक्त सगळीकडे सारखं मिसळलेलं नसतं. एकाच बाजूला पट्टा असू शकतो. खाचा भरल्या की पुरे. डोक्यात येतं की थोडं जास्त घेतलं तर चांगलंच, पण नळीच्या तोंडाशी एक अरुंद कडी असते आणि काडी आत ढकलताना जादाचं ती खरवडून काढते. आत जातं ते फक्त खाचांमधलं, साधारण दहा मिलिग्रॅम. ढेकूळच्या ढेकूळ चिकटवलं तर द्रव गढूळ होऊन नमुना बाद होऊ शकतो.

आपल्याकडची खरी अडचण भारतीय पद्धतीच्या संडासाची आणि पाण्याची आहे. नमुना भांड्यातल्या पाण्यात पडला की रक्त धुऊन जाऊ शकतं. सूचनांच्या कागदावर कमोडची चित्रं होती, ती आमच्या घरात निरुपयोगी. मी कागदी पत्रावळ वापरली, त्यावर वर्तमानपत्र. काम झाल्यावर गुंडाळून टाकून दिलं. लघवी आधी उरकून घ्यायची, म्हणजे ती मिसळत नाही. मूळव्याधीतून ताजं रक्त पडत असेल किंवा बायकांची पाळी चालू असेल तर ते दिवस टाळायचे.

नमुना लगेच पोचवता येत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, असंही लिहिलं होतं. हे वाचून बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती सांगता येणार नाही. “अहो, आत्ता नेऊन द्या. त्या फ्रिजमध्ये कैरीचं पन्हं आहे.” एप्रिल होता, नाशिकचा पारा चाळीसला टेकलेला. उन्हाचा मुद्दा किरकोळ नाही. उष्णतेने हिमोग्लोबिन मोडतं, आणि नळीतला द्रव ते काही काळ टिकवून धरत असला तरी त्याला मर्यादा आहेत. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या तपासणी कार्यक्रमात उन्हाळ्यात पॉझिटिव्हचं प्रमाण कमी येत असल्याचं आढळलं होतं. म्हणजे उन्हाने चूक होते ती एकाच दिशेने: आकडा खोटा कमी येतो. गाडीच्या डॅशबोर्डवर दुपारभर राहिलेल्या नळीचा निगेटिव्ह रिपोर्ट काय कामाचा? सिंहस्थाच्या नावाखाली रस्ते खणून ठेवलेले, तरी सकाळी लवकर निघून मी नळी लॅबमध्ये दिली.

रिपोर्ट फोनवर आला आणि मी तो ताईला पाठवला. तिचा लगेच फोन.

“अरे, आमच्याकडे १२० ची रेघ आहे म्हणतात. तुझे १६८. म्हणजे आमच्याकडेही पॉझिटिव्हच.”

इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षे १२० चा उंबरठा वापरला गेला, हे खरं. पण तो १२० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम शौच. माझा आकडा होता नळीतल्या द्रवातला, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. दोन्ही एका ओळीत मांडून चालणार नव्हतं. मी कागद घेतला. द्रव दोन मिलिलिटर, म्हणजे नळीत एकूण हिमोग्लोबिन १६८ गुणिले २, ३३६ नॅनोग्रॅम. हे आलं दहा मिलिग्रॅम शौचातून. एक ग्रॅम म्हणजे त्याच्या शंभर पट, तेव्हा ३३,६०० नॅनोग्रॅम, अर्थात ३३.६ मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅम. आणि लॅबची १०० ची रेघ याच हिशेबाने २० मायक्रोग्रॅमवर येते. नळीचा द्रव आणि काडीचं माप कंपनीगणिक वेगळं असतं, त्यामुळे हे गणित या नळीचं. दुसऱ्या बनावटीच्या नळीला तेच आकडे लावू नयेत.

“म्हणजे इकडे असतास तर तुला निगेटिव्ह म्हणून पत्र आलं असतं?” ताई गप्पच झाली.

आलं असतं. आमच्या कारखान्यात गो-नो गो गेज असतं: एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. ते गेज माप सांगत नाही, फक्त पुढे पाठवू की बाजूला काढू एवढंच सांगतं, आणि ते किती कडक ठेवायचं हे बाजूला काढलेला माल तपासायला किती माणसं आहेत त्यावरही ठरतं. फिटचा उंबरठाही असाच ठरतो. नेदरलँड्सने २०१४ मध्ये कार्यक्रम सुरू केला तेव्हा रेघ १५ वर होती. अपेक्षेपेक्षा खूप जास्त लोक पॉझिटिव्ह यायला लागले, कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे मोठ्या आतड्यात दुर्बीण घालून करायच्या तपासणीच्या, जागा पुरेनात, आणि त्याच वर्षी ती ४७ वर नेली. १५ आणि ४७ च्या मधल्या माणसांची आतडी काही त्या आठवड्यात बदलली नव्हती. रेघ खाली आणली की जास्त गाठी सापडतात आणि जास्त निरोगी माणसांची कोलोनोस्कोपी होते. वर नेली की उलट. माझा ३३.६ नेमका या मधल्या पट्ट्यातला होता.

आता पुढे काय, यावर घरात मतमतांतरं झाली. मेहुणे म्हणाले, “अहो, मूळव्याध आहे ना तुम्हाला, त्याचंच रक्त. पुन्हा एकदा टेस्ट करून बघा, निगेटिव्ह येईल.” येईलही कदाचित. पण त्याने काय सिद्ध होणार? आतड्यातली गाठ रोज रक्त सोडत नाही. शौच घासून गेलं, पृष्ठभागावरची नाजूक रक्तवाहिनी फुटली, की थोडं येतं आणि थांबतं. एकदा रक्त सापडलं असताना दुसऱ्या दिवशी सापडलं नाही, तर पहिलं खोटं ठरत नाही. मुंबई नाक्याजवळच्या पोटविकारतज्ज्ञ डॉक्टरांकडे गेलो तर त्यांनी हेच पहिल्या मिनिटात सांगितलं.

“फिट पॉझिटिव्ह आली की पुन्हा फिट नाही. सोनोग्राफी नाही, सीईएची रक्ततपासणी नाही. कोलोनोस्कोपी. मूळव्याध असेलही, पण ती आहे म्हणून वर काही नाही असं होत नाही.”

मी विचारलं, “कॅन्सरची शक्यता किती?”

“लक्षणं नसलेल्या माणसांत, या रेघेवर, शंभर पॉझिटिव्हमधल्या चार-पाच जणांत कॅन्सर सापडतो, असं परदेशातल्या कार्यक्रमांत दिसतं. बऱ्याच जास्त जणांत पॉलिप सापडतात, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या गाठी. काहींमध्ये काहीच नाही. आपल्याला मुख्यतः त्या पॉलिपच पकडायच्यात.”

घाई किती करायची, हेही विचारलं. ते म्हणाले, उद्याच पळत यायची गरज नाही, दोन-चार आठवड्यांत झालं तरी चालेल, पण वर्षभर फाईलमध्ये ठेवू नका. अमेरिकेत फिट पॉझिटिव्ह आलेल्या हजारो लोकांच्या नोंदींचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला होता. दहा महिन्यांहून जास्त लांबवलेल्यांमध्ये कॅन्सर सापडण्याचं आणि तो पुढच्या टप्प्यात असण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. डॉक्टरांनी माझी सीबीसी करून घेतली, कारण हिमोग्लोबिन कमी असतं तर वरून, तोंडातून दुर्बीण घालायचाही विचार करावा लागला असता. माझं व्यवस्थित होतं. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू आहेत का, मधुमेह आहे का, लोहाच्या गोळ्या घेता का, हे नीट विचारलं. लोहाने शौच काळं आणि चिकट होतं, ते आठवडाभर आधी बंद करतात. बाकीच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत, डॉक्टर सांगतील तसं. माझी बीपीची गोळी चालू ठेवली.

कोलोनोस्कोपीचा सगळ्यात त्रासदायक भाग कोलोनोस्कोपी नसतो, आदला दिवस असतो. दोन दिवस आधीपासून बिया, साली, पालेभाज्या, नाचणी, कडधान्यं बंद. द्राक्षं-डाळिंबं आपल्याकडे हाताशी असतात, तीही बंद. हे सगळं बायकोने पाळलं, आणि पहिल्याच जेवणात वरणाला मोहरी-जिऱ्याची फोडणी. मोहरी पचत नाही, अख्खी आतड्यात राहते आणि दुर्बिणीच्या शोषनळीत अडकते. मग वरण बिनफोडणीचं, पांढरा भात, दही. आदल्या दिवशी फक्त गाळलेलं पातळ: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, कोरा चहा. लाल-जांभळं काही नाही, आत रक्तासारखं दिसतं.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर दोन लिटर पाण्यात. अर्धी संध्याकाळी आणि अर्धी पहाटे चारला उठून, दर दहा-पंधरा मिनिटांनी एक पेला. रात्रीच सगळं उरकून झोपावं असं प्रत्येकाला वाटतं, मलाही वाटलं. पण रात्रभर लहान आतड्यातून पित्त आणि चिकट द्रव खाली येत राहतो आणि उजव्या बाजूच्या आतड्यावर थर बसवतो. पहाटेचा डोस तो धुतो. चव खारट-गुळमट, थंड करून प्यायलं तर सुसह्य. शेवटी पिवळसर पाणी येऊ लागलं, ज्यातून भांड्याचा तळ दिसत होता, तेव्हा तयारी झाली असं समजायचं. गढूळ किंवा तपकिरी येत असेल तर हॉस्पिटलला आधीच फोन करावा. घाण आतड्यात तपासणी करून ‘काही नाही’ असा रिपोर्ट घेण्यात अर्थ नसतो.

प्रत्यक्ष तपासणीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे थोडंच आहे. डाव्या कुशीवर झोपवलं, शिरेतून औषध दिलं, आणि मला जाग आली तेव्हा पोटात गॅस होता आणि बायको शेजारी होती. त्या दिवशी गाडी चालवायची नाही, कुठे सही करायची नाही.

रिपोर्ट मात्र मी नीट वाचला, आणि प्रत्येकाने वाचावा असं माझं मत आहे. त्यात तीन गोष्टी बघायच्या. दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीपर्यंत पोचली का. माझ्या रिपोर्टला अपेंडिक्सच्या तोंडाचा फोटो जोडलेला होता, तो याचा पुरावा. दुसरं, आतडं किती स्वच्छ होतं. बोस्टन स्केलवर नऊपैकी आठ. तिसरं, दुर्बीण बाहेर काढताना किती वेळ घेतला, कारण खरी पाहणी परत येताना होते. काही काढायचं नसलं तरी निदान सहा मिनिटं तरी जायला हवीत.

सापडलं ते असं. गुदद्वारापासून पंचवीस सेंटिमीटरवर, सिग्मॉइड भागात, देठ असलेला १४ मिलिमीटरचा पॉलिप. तो तारेच्या फासात पकडून, विद्युतप्रवाहाने जाळून कापला आणि देठावर धातूची क्लिप लावली. आडव्या आतड्यात चार मिलिमीटरचा चपटा पॉलिप, तो नुसत्या थंड फासाने. आणि शेवटच्या ओळीत: पहिल्या श्रेणीची अंतर्गत मूळव्याध. म्हणजे मेहुण्यांचं निदान बरोबर होतं, आणि त्यावर थांबलो असतो तर मोठा पॉलिप आतच राहिला असता.

डॉक्टरांच्या मते रक्त त्या मोठ्यातूनच येत असणार. चार मिलिमीटरचा सहसा रक्त सोडत नाही, तो आपला आयता सापडला. इथे फिटची मर्यादाही स्पष्ट होते. कॅन्सर असेल तर एका तपासणीत चारपैकी तीनांहून थोडे जास्त पकडले जातात. पण मोठे पॉलिप एका फेरीत निम्म्याहून बरेच जास्त निसटतात, आणि लहान किंवा चपटे तर बहुतेक सगळेच. म्हणूनच निगेटिव्ह आल्यावर ती दर एक-दोन वर्षांनी परत करायची असते. आणि शौचातून रक्त दिसतंय, वजन उतरतंय, सवय बदललीय, अशा माणसाने निगेटिव्ह फिटवर विसंबून घरी बसायचं नसतं. बिनतक्रारीच्या माणसांची चाळणी, एवढंच तिचं काम.

घरी आल्यावर दोन आठवडे लांबचा प्रवास आणि जड उचलणं टाळायला सांगितलं. जळालेल्या जागेची खपली काही दिवसांनी निघते तेव्हा उशिराही रक्तस्राव होऊ शकतो. पोट दगडासारखं घट्ट होऊन दुखणं, ताप, किंवा रक्ताच्या गाठी पडणं, यातलं काही झालं तर थेट कॅज्युअल्टी. मला काही झालं नाही. क्लिप आपोआप गळून जाते, पण तोवर एमआरआय करायची वेळ आली तर सांगायचं, म्हणून तसं लिहिलेला कागद पाकिटात ठेवला.

बायॉप्सीचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात आला. मोठा: ट्युब्युलोव्हिलस अडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेझिया, देठाची कड मोकळी. लहान: साधा ट्युब्युलर अडेनोमा. कॅन्सर नव्हता. अशा गाठींपैकी काही बऱ्याच वर्षांनी कॅन्सरमध्ये बदलतात, कुठल्या ते आधी सांगता येत नाही, म्हणून काढून टाकतात. दहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ निघाली की पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. मधल्या काळात फिट करायची नाही, डॉक्टरांनी फाईलवर तसं लिहूनच दिलं. कंपनीच्या वार्षिक तपासणीच्या पॅकेजमध्ये ती आता फुकट मिळणार आहे म्हणे, तर मी तेवढी वगळायला सांगितली.

ताईला रिपोर्ट पाठवला. भावाला मोठा अडेनोमा निघाला, हे तिने तिच्या डॉक्टरांना सांगायचं ठरलं, आणि आमच्या मुलाने चाळिशीला पोटविकारतज्ज्ञांना एकदा विचारायचं. मग तिने स्वतःचं पत्र शोधून काढलं. त्यात आकडा नव्हताच. सध्या पुढच्या तपासणीची गरज नाही, एवढंच लिहिलेलं.

“माझे किती होते हे आता मी विचारणार आहे,” ती म्हणाली. “आणि एकक कुठलं, तेही.”